गाळलेला तक्ता

चौदा वर्षं मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, मे महिन्यात काहीच नाही, आणि दर जुलैला आपल्याच नोकरीसाठी पुन्हा मुलाखत. हजेरीपटावरसुद्धा आमचं पान वेगळं, सगळ्यात शेवटचं. प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा मी लग्नाआधीच पास झाले होते. नवरा एसटी आगारात, त्यामुळे चूल बंद पडली नाही एवढंच. पण मला कायम व्हायचं होतं. त्या शेवटच्या पानावरून पुढच्या पानावर यायचं होतं. याशिवाय त्या वर्षांत मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही.

आमच्या प्राचार्यांनी मला शब्द दिला होता. पद मंजूर झालं की पहिला विचार तुमचा, असं ते दर गॅदरिंगला म्हणायचे. ते रसायनशास्त्राचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही रागात असतानासुद्धा म्हणते. फक्त आकडेशास्त्रात त्यांना दोनच गोष्टी कळायच्या: तारे आणि सगळ्यात मोठी सरासरी. एखादा निष्कर्ष सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असा निघाला की तक्त्यात आकड्याच्या डोक्यावर चांदण्या देतात, त्या ताऱ्यांबद्दल बोलतेय. कोणाचाही प्रबंध त्यांच्या टेबलावर आला की पहिला प्रश्न, "तारे आलेत का?" आले असतील तर सही.

हा रोग त्यांचा एकट्याचा नव्हता. आमच्याकडे सगळे जण एक्सेलमध्ये गटा-गटांच्या सरासऱ्या ताडणारं प्रसरण विश्लेषण करतात, म्हणजे ज्याला सगळे अॅनोव्हा म्हणतात ते. एक्सेल एक सुबक तक्ता देतं आणि तिथंच थांबतं. पुढची चाचणी, कोणता गट कोणापेक्षा वेगळा हे सांगणारी, जिला पोस्ट हॉक म्हणतात ती, ते आपणहून देत नाही. ती हाताने करावी लागते. मग ती कोण करतंय? एक्सेल थांबलं तिथं आमचं संशोधन थांबायचं. मी पोरांना वर्गात सांगायचे की कुत्रं भुंकलं म्हणजे दारात कोणीतरी आलंय एवढंच कळतं, कोण आलंय ते उठून बघावं लागतं. त्या तक्त्यातून शेवटी निघणारा आकडा, एफ, म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. पोरं हसायची, आणि परीक्षेत न उठताच पाहुण्याचं नाव लिहून मोकळी व्हायची.

प्राचार्यांना हळदीवर एक प्रकल्प मिळाला तेव्हा आकडेमोडीसाठी त्यांनी मला बोलावलं. विषय आमच्या भागाचाच. हळद काढल्यावर ती तीन तऱ्हांनी तयार करता येते. जुनी तऱ्हा लोखंडी कढईत उकळायची. दुसरी कुकरची, म्हणजे बॉयलरची वाफ पिंपात सोडून शिजवायची. हल्ली बहुतेक जण हेच करतात. तिसरी नवी: ओल्या हळदीचे काप करून सोलर ड्रायरमध्ये वाळवायचे. या तिन्हींत हळदीला रंग आणि कस देणारं कुर्कुमिन कशात जास्त टिकतं, हे बघायचं होतं. ड्रायर महाविद्यालयाच्या गच्चीवर आधीच बसला होता, त्याची फीतही कापून झाली होती. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात तसेच ड्रायर गावोगाव द्यायचे होते. म्हणजे लग्न ठरलेलं होतं, पत्रिका तेवढी जुळवायची होती.

कुकरसाठी आम्ही कुरुंद्याच्या एका बचत गटाकडे गेलो. तो गट बायकांचा. त्यांचा कुकर हंगामात भाड्याने शेतोशेत फिरायचा, आणि गटाची अध्यक्ष स्वतः वाफेच्या नळीपाशी उभी राहायची. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेली, बोलायला फटकळ. मी तिला सांगितलं की एकाच शेतातली हळद घेऊन तीस पोती भरायची, चिठ्ठ्या टाकून दहा-दहा वाटायची, आणि प्रत्येक पोतं वेगळं शिजवायचं, दहा पोत्यांचे दहा घाणे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या बाईच्या डोक्यात बिघाड असावा.

"काहून? एकदाच शिजवू अन् दहा पिशव्या भरून देते की. डिझेल काय फुकट येऊन राहिलं का?"

मी तिला बॉयलरशेजारी बसून समजावलं. एकदाच शिजवलं तर तो एकच घाणा. त्यातून दहा पिशव्या भरल्या काय आणि शंभर भरल्या काय, माहिती एकाच घाण्याची. तुमचा घाणा रोज सारखा उतरतो का? ती म्हणाली, न्हाई, कधी वाफ कमी-जास्त होते. मी म्हटलं, तेच मला मोजायचंय. घाण्या-घाण्यात आपसात किती फरक पडतो ते कळलं, तरच कढई आणि कुकर यांच्यातला फरक खरा का नुसता वाफेचा लहरीपणा, हे सांगता येईल. मग तिने दहा घाणे काढले. दोन दिवस गेले तिचे. प्राचार्यांना आयुष्यात जे कळलं नाही ते त्या बाईला पिंपावर हात ठेवून पाच मिनिटांत कळलं, आणि याचा मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता. आता तो आठवला की तोंड कडू होतं.

तीस नमुने झाले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना दोनदा तपासला, म्हणजे साठ वाचनं आली. मी प्रत्येक नमुन्याच्या दोन वाचनांची सरासरी घेतली आणि तक्ता बनवला.

तो तक्ता मला आजही तोंडपाठ आहे. गटांमधली वर्गबेरीज २.३१, स्वाधीनता मात्रा, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, २, कारण गट तीन. गटांच्या आतली वर्गबेरीज ४.३२, मात्रा २७, कारण नमुने तीस आणि गट तीन. एकूण मात्रा २९. वर्गबेरजेला मात्रेने भागलं की मध्यम वर्ग येतो: वरचा १.१५७, खालचा ०.१६. वरच्याला खालच्याने भागलं की एफ, ७.२३. शेजारी एक्सेलने दिलेला उंबरठा ३.३५, आणि पी ०.००३. याचा अर्थ साधा आहे. तऱ्हा बदलल्यामुळे पडलेला फरक हा एकाच तऱ्हेच्या घाण्या-घाण्यातल्या फरकाच्या सातपट निघाला. तिन्ही तऱ्हा सारख्याच असत्या, तर इतका मोठा एफ निव्वळ योगायोगाने हजारात तीनदाच आला असता. म्हणजे दारात कोणीतरी नक्की आलंय.

प्राचार्यांनी तक्ता पाहिला आणि २७ वर बोट ठेवलं. "साठ वाचनं होती ना? मग इथं सत्तावन्न पाहिजे. साठ लिहा, वजन पडतं."

मी म्हटलं, सर, एकच पूड दोनदा मोजली म्हणून हळदी दोन होत नाहीत. ते म्हणाले, सगळे असंच लिहितात. मी म्हटलं, सगळे चुकतात. त्यांच्यासमोर मी एवढ्या ठामपणे कधी बोलले नव्हते. आवाज चढला होता. शेवटी त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, बरं बाई, तुमचे सत्तावीस तुम्हाला. मी बाहेर आले तेव्हा काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं. त्या आनंदात मी स्वतःच्या पैशाने स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी पुढची चाचणी घेऊन गेले. टुकी नावाची, सगळ्या जोड्या एकमेकींशी ताडून बघणारी. ती मी हातानेच केली होती, एका फुलस्केप कागदावर. कुर्कुमिनच्या टक्क्यांच्या सरासऱ्या अशा होत्या: कढई ३.१०, कुकर ३.६२, ड्रायर ३.७४. दोन सरासऱ्यांमध्ये निदान ०.४४ चं अंतर असलं तरच फरक खरा मानायचा, असं गणित निघालं. ड्रायर आणि कढई यांच्यातलं अंतर ०.६४, म्हणजे खरं. कुकर आणि कढई यांच्यातलं ०.५२, तेही खरं. ड्रायर आणि कुकर यांच्यातलं ०.१२. म्हणजे काहीच नाही. कढई मागे पडली होती, एवढंच त्या ७.२३ चं म्हणणं होतं. कुकर आणि ड्रायर अगदी सारखेच आहेत असंही यातून सिद्ध होत नव्हतं, पण ड्रायर सरस म्हणायला आमच्याकडे तसूभरही आधार नव्हता. कुत्रं ज्याला भुंकत होतं तो पाहुणा कढई होती.

प्राचार्यांनी कागद वाचला. त्यांना तो कळला, आणि मला राग येतो तो याचाच. न कळता केलं असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि फार प्रेमळ आवाजात म्हणाले, "मॅडम, एफला तारे आलेत. ड्रायरची सरासरी सगळ्यात जास्त आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत ना? मग तिसरी कशाला सांगायची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ते पुढे म्हणाले की पदाची फाइल वर गेली आहे, या वर्षी जाहिरात निघेल, अहवालावर सहसंशोधक म्हणून तुमचं नाव घालू, मुलाखतीत उपयोगी पडेल. त्यांनी धमकी दिली नाही. तशी गरजच नव्हती. गरजवंताला अक्कल नसते, असं म्हणतात. माझ्याकडे अक्कल होती, आणि मी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. फुलस्केपसकट. मला सत्तावीसचा आवळा देऊन त्यांनी कोहळा काढून घेतला होता, हे घरी आल्यावर भाकरी थापताना लक्षात आलं.

अहवाल छापला गेला. त्यात एकच तक्ता होता, माझा, वर तिन्ही सरासऱ्या आणि ७.२३ वर दोन तारे असलेला, आणि खाली वाक्य: "यावरून सोलर ड्रायर पद्धती सर्वोत्तम असल्याचे सिद्ध होते." पहिल्या पानावर प्राचार्यांखाली माझं नाव. चौदा वर्षांत माझं नाव पहिल्यांदाच पहिल्या पानावर आलं होतं.

अहवालाची बातमीही झाली. पुढच्या हंगामाआधी कुरुंद्याची ती बाई महाविद्यालयात आली. पोर्चमध्ये चपला काढून आत यायला निघालेली, शिपायाने अडवली. मी तिला बाहेर झाडाखाली घेऊन गेले. तिच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं, वाचून वाचून मऊ झालेलं. तिने सांगितलं की दोन-तीन शेतकऱ्यांनी या साली कुकर नको म्हटलंय, कॉलेजवाले ड्रायर देणार आहेत म्हणे.

"मॅडम, तुमी मोजलं ना आमच्या समोर? दहा घाणे काढले मी तुमच्यासाठी. मंग आमच्या कुकरची हळद खरंच हलकी हाय का?"

तेव्हा माझी पर्स माझ्या खांद्यावर होती आणि फुलस्केप पर्समध्येच होता. मी तिला म्हटलं, अहवालात तुमची हळद हलकी आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी ते तोलूनमापून म्हटलं होतं, शिकलेल्या माणसाने म्हणावं तसं. ती म्हणाली, म्हंजे बराबर हाय ना आमची? मी म्हटलं, चांगली आहे. तिला जे हवं होतं ते त्या कागदावर आकड्यांत होतं, आणि मी तिला नुसतं "चांगली आहे" देऊन एसटीला बसवलं. वर्गात मी पोरांचे गुण कापायचे ते नेमके असल्याच उत्तराला.

त्याच साली जाहिरात आली. संख्याशास्त्र, एक पद, कायम.

मी तयारी केली, पण खरं सांगायचं तर मनातून निवांत होते. निवड समितीत आमचे प्राचार्य असणार होते, संस्थेचे अध्यक्ष असणार होते, आणि बाहेरून विषयतज्ज्ञ. सगळ्या महाविद्यालयाला माहीत होतं की हे पद माझं आहे. मी संशोधनकार्य म्हणून तोच अहवाल जोडला. दुसरं होतंच काय माझ्याकडे? तास घेण्यात माणसाचं संशोधन कधी होणार?

विषयतज्ज्ञ हा म्हातारा माणूस निघाला. अंगात ढगळ बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, समोर चहा ठेवलेला आणि त्यावर साय धरलेली. बाकीचे गप्पा मारत होते आणि हा माझी फाइल वाचत होता. खरोखर वाचत होता, बोट फिरवून. चौदा वर्षांत माझा तक्ता असा वाचणारा एकही माणूस मी पाहिला नव्हता. आधी मला बरंच वाटलं.

त्यांनी विचारलं की हे सत्तावीस कसे आले. मी सांगितलं. नमुने दोनदा तपासले होते का, असं विचारलं. मी सांगितलं की हो, पण सरासरी घेतली, कारण एकाच नमुन्याची दोन वाचनं स्वतंत्र नसतात. म्हाताऱ्याने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, हे फार थोड्यांना कळतं. प्राचार्य हसून अध्यक्षांकडे बघत होते.

मग त्यांचं बोट खालच्या वाक्यावर गेलं.

"एफ सार्थक आहे. पण कोणती जोडी वेगळी आहे? पोस्ट हॉक कुठं आहे?"

मला उत्तर पाठ होतं. तिन्ही अंतरं, ०.४४ चा निकष, सगळं. एक वाक्य पुरलं असतं: केली होती सर, अहवालातून गाळली. पण "कोणी गाळली" हा प्रश्न लगेच आला असता, आणि ज्याच्यामुळे गाळली तो माझ्यापासून तीन हातांवर बसून पाण्याच्या ग्लासवरची झाकणी सारखी करत होता. माझं पद त्याच्या हातात होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी म्हणाले, "केली नव्हती, सर."

"मग ड्रायर सर्वोत्तम हे कशावरून?"

"सरासरीवरून."

"सरासरी बघूनच ठरवायचं होतं," ते म्हणाले, "तर एफ कशाला काढला?"

आवाजात राग नव्हता. कंटाळा होता, आणि तो रागापेक्षा लागला. मग त्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि माझ्याच अहवालाच्या समासात लिहायला लागले. बोलता बोलता लिहीत होते. गटाच्या आतला मध्यम वर्ग ०.१६, तो तक्त्यात आहेच. प्रत्येक गटात दहा. ०.१६ भागिले दहा, त्याचं वर्गमूळ ०.१२६. तीन गट आणि सत्तावीस मात्रांसाठी टुकीचा गुणक साधारण साडेतीन. गुणले की ०.४४. आणि ड्रायर व कुकर यांच्यातलं अंतर? ३.७४ वजा ३.६२. त्यांनी ०.१२ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

दोन मिनिटं लागली असतील. चहावरची साय तशीच होती. "सगळं तुमच्याच तक्त्यात होतं, मॅडम," ते म्हणाले आणि फाइल मिटली.

ज्या कागदासाठी मी जीव मुठीत धरून राहिले, ज्याच्यापायी त्या बाईशी अर्धवट बोलले, तो कागद लपवून काहीच लपलं नव्हतं. ज्याला तक्ता वाचता येतो त्याला गाळलेलं पान आपोआप दिसतं. सव्वा लाखाची मूठ त्या म्हाताऱ्याने एका पेनाने उघडली, आणि आत काय आहे हे मला आधीपासूनच माहीत होतं. मला तर मूर्खही म्हणता येत नव्हतं. मूर्ख नसूनही मी स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं होतं, तेही आकडेशास्त्राच्या मुलाखतीत.

बाहेर बाकावर बसले तेव्हा माझ्यानंतरची उमेदवार आत गेली. नांदेडकडची कोवळी पोरगी, सलवारीवर स्वेटर, हातात प्लास्टिकची फाइल. दार नीट लागत नव्हतं. म्हाताऱ्याने तिलाही तोच प्रश्न विचारला, एफ सार्थक आला तर पुढे काय. तिने घाबरत घाबरत पण बरोबर सांगितलं: एफने एवढंच कळतं की सगळे गट सारखे नाहीत, कोण वेगळं ते पोस्ट हॉकने बघावं लागतं. मी चौदा वर्षं पोरांना पढवलेलं वाक्य. ते दाराच्या फटीतून मलाच ऐकू आलं.

तिची निवड झाली. हक्काने झाली. प्राचार्य संध्याकाळी मला जिन्यात भेटले, खांदे पाडून म्हणाले की तज्ज्ञ ऐकेनाच, मी खूप प्रयत्न केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुम्ही सांभाळून घेतलंत. मी विसरणार नाही." ते विसरले नसतीलही. मात्र कायम माणूस आला की तासिकावाल्याचे तास संपतात. पुढच्या जुलैत मला मुलाखतीचंसुद्धा बोलावणं आलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं म्हणजे तो अहवाल, पहिल्या पानावर माझं नाव असलेला, समासात म्हाताऱ्याच्या अक्षरात ०.१२.

गावात लगेच बोललं गेलं की पद विकलं. आमच्याकडे दुसरं कारण कोणाला सुचतच नाही. नातेवाईक, शेजारी, जुने विद्यार्थी, सगळे हळहळले. पहिल्या दिवशी मी "तसं काही नाही" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नुसता सुस्कारा टाकला. आठवड्याभरात लोकांनी माझ्यासमोर त्या पोरीला शिव्या घातल्या तरी मी गप्प बसायला शिकले. तिने एक छदामही दिला नव्हता. तिने फक्त खरं उत्तर दिलं होतं, आणि मला ते येत असून मी दिलं नाही. हे कोणाला सांगणार? विकत घेतलेल्या पदामुळे हरलेली बाई बिचारी ठरते, दुसरं काय.

आता मी घरीच प्रबंधांची आकडेमोड करून देते. अॅनोव्हा सांगायला आलेल्या प्रत्येकाला विचारते, पोस्ट हॉक करून देऊ का, त्याचे पैसे घेत नाही. दहातले आठ जण म्हणतात, राहू द्या मॅडम, तारे आले तेवढे बस.

मागच्या हंगामात हिंगोलीच्या हळद बाजाराबाहेर कुरुंद्याची ती बाई भेटली. तिचा कुकर चालू होता. गच्चीवरचा ड्रायर पहिल्या वादळात वाकला आणि दुसरा टप्पा कागदावरच राहिला, तेव्हा शेतकरी गुपचूप तिच्याकडे परतले होते. आकड्यांनी तिला वाचवलं नाही, वाऱ्याने वाचवलं. तिने मला लांबूनच ओळखलं आणि हातातलं ओझं खाली ठेवलं. तिला सगळं कळलं होतं, म्हणजे गावात जेवढं कळलं होतं तेवढं.

"लई वाईट झालं, मॅडम. पैसा चालला म्हणे." तिने माझा हात धरला, तिच्या बोटांना हळदीचा पिवळा रंग मुरलेला. "तुमच्यासारखं खरं बोलणारं माणूस त्यायले कसं चालंल? तुमीच एकट्या म्हणल्या होत्या, आमची हळद चांगली हाय म्हणून."

फुलस्केप तेव्हाही माझ्या पर्समध्ये होता, घडीवर फाटायला आलेला. तो काढून तिला दाखवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पर्सच्या चेनला हात लावला आणि सोडून दिला. तिने पिशवीतून किलोभर हळदपूड काढली, आमच्या कुकरची हाय म्हणाली, आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

मी ती घेतली, आणि म्हणाले, व्हय, पैसाच चालला.